दवाखाना, दुकान, पेढी : अर्ज एका पानाचा, भाषा साधी

कुंडलिका ओलांडून नवीन जालन्यात आलात की सराफा, सिंधी बाजार, मोंढा या भागांत शेकडो माणसे रोज कामाला येताना दिसतात. यांतल्या फार थोड्यांची नेमणूक जाहिरात वाचून झालेली असते. कुणी समोरच्या मेडिकलमध्ये ऐकले, कुणाला मामांनी सांगितले, कुणी काचेवर चिकटवलेला ‘मुलगी पाहिजे’ हा कागद वाचला. अशा ठिकाणी अर्ज लागतोच असे नाही, पण दिला तर उपयोग होतो. मालक गिऱ्हाइकात असेल तर तुमचे बोलणे अर्धे ऐकले जाते आणि संध्याकाळपर्यंत विसरले जाते. कागद मात्र गल्ल्यात किंवा टेबलाच्या खणात राहतो, आणि आधीचा माणूस अचानक सोडून गेला की तोच बाहेर निघतो.

अडचण अशी की बहुतेकांचा अर्ज तहसील कचेरीच्या भाषेत असतो. त्याला कारण आहे. आपण अर्ज लिहायला शाळेत शिकतो, ते मुख्याध्यापकांना किंवा गटविकास अधिकाऱ्यांना लिहायचे. पुढे टायपिंगच्या दुकानात गेलो तर तिथल्या माणसाचा दिवस उत्पन्नाचा दाखला, शपथपत्र, फेरफार याच कामांत जात असतो. नोकरीचा अर्ज करून द्या म्हटले की तो तयार मसुदा उघडतो, नाव बदलतो आणि कागद हातात देतो. तो मसुदा साधारण असा असतो :

‘महोदय, वरील विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, मी अत्यंत गरीब व होतकरू उमेदवार असून मला नोकरीची नितांत आवश्यकता आहे. मी कोणतेही काम करण्यास तयार आहे. तरी माझ्या अर्जाचा सहानुभूतिपूर्वक विचार करून मला सेवेची संधी द्यावी, ही नम्र विनंती. सोपवलेली जबाबदारी मी प्रामाणिकपणे व निष्ठेने पार पाडीन, याची ग्वाही देते.’

यात चूक काही नाही आणि नम्रताही भरपूर आहे. पण हा कागद वाचून डॉक्टरांना काय कळले? मुलगी कुठली, कुठवर शिकली, दोन्ही वेळा येईल का, आधी कुठे काम केले आहे का, यांतले एकही नाही. गरिबी कळली, पण ती वाचून मदत करता येते, माणूस निवडता येत नाही. ‘कोणतेही काम’ हे शब्द तर उलटेच बोलतात. ज्याला कोणतेही काम चालते त्याला नेमके कोणते येते, हे त्यालाच ठाऊक नाही, असा अर्थ निघतो.

एक उदाहरण सविस्तर घेऊ. समजा, बदनापूरची एक मुलगी आहे. बारावी झालेली, एमएस-सीआयटी केलेली. गावातल्या एका दवाखान्यात तिने दीड वर्ष काम केले आहे. नवीन जालन्यातल्या एका डॉक्टरांकडे केस पेपर काढायला आणि पेशंटचे नंबर लावायला माणूस हवा आहे, असे तिला कळले. आता तिने लिहायला बसण्याआधी डॉक्टरांच्या बाजूने पाहावे. डॉक्टरांच्या मनात चारच प्रश्न असतात. ही मुलगी वेळेवर आणि रोज येईल का? गर्दीत पेशंटशी नीट बोलेल का? फीचे पैसे तिच्या हातात देता येतील का? आणि तीन महिन्यांनी सोडून तर जाणार नाही ना? अर्जातले प्रत्येक वाक्य यांपैकी कशाचे तरी उत्तर असले पाहिजे. ज्या वाक्यातून एकाही प्रश्नाचे उत्तर मिळत नाही, ते काढून टाकावे.

वेळेचा प्रश्न सगळ्यांत मोठा. लहान दवाखान्यात सकाळची आणि संध्याकाळची अशा दोन ओपीडी असतात. मधे दुपार मोकळी, आणि रात्री शेवटचा पेशंट जाईपर्यंत थांबावे लागते. बाहेरगावाहून येणाऱ्या मुलीची खरी अडचण इथेच आहे, कारण परतीची गाडी ठरलेली असते. पुष्कळ जणी ही गोष्ट अर्जात लपवतात, भेटीतही ‘जमेल’ म्हणतात, आणि दुसऱ्या आठवड्यात रोज साडेसातला घड्याळाकडे पाहू लागतात. डॉक्टरांना राग येतो तो लवकर जाण्याचा नव्हे, आधी न सांगितल्याचा. म्हणून मर्यादा अर्जातच लिहावी, तीही अडचण म्हणून न मांडता, नुसती वेळ म्हणून. ‘संध्याकाळी आठपर्यंत थांबता येईल’ एवढे पुरे. आठनंतरचे काम दुसऱ्या कुणाकडून करून घेता येईल की नाही, ते डॉक्टर ठरवतील. नाही म्हणाले तरी दोघांचाही महिना वाया जात नाही.

पैशांबद्दल ‘मी प्रामाणिक आहे’ असे कुणीही लिहू शकते, म्हणून त्या वाक्याला वजन नाही. त्याऐवजी केलेले काम सांगावे : आधीच्या दवाखान्यात फी कोण घेत होते, हिशेब कोणाकडे आणि केव्हा देत होते. हे वाचले की आधीच्या डॉक्टरांचा तुमच्यावर विश्वास होता, हे न सांगता कळते.

आणखी एक गोष्ट दवाखान्यांपुरती. काही मुली ‘इंजेक्शन देता येते, सलाईन लावता येते’ असे लिहितात, कारण आधीच्या ठिकाणी बघून बघून हात बसलेला असतो. हे लिहू नये. नर्सिंगचे रीतसर शिक्षण आणि महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी असेल तर ती जरूर लिहा, अगदी नोंदणी क्रमांकासह. नसेल तर तसे शिक्षण नाही, हे एका वाक्यात स्पष्ट सांगा. सावध डॉक्टरला अर्जातला हा दावा धोक्याचाच वाटतो. मेडिकल दुकानाचेही तसेच आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचे औषध तयार करून देण्याचे काम 1948 च्या फार्मसी कायद्याने नोंदणीकृत फार्मासिस्टकडे दिले आहे. तुम्ही डी. फार्म. नसाल तर ‘औषधे देण्याचे काम येते’ असे न लिहिता माल लावणे, एक्स्पायरी तपासून वेगळी काढणे, बिल करणे, उधारीची वही सांभाळणे ही कामे लिहा. दुकानदाराला त्याच कामांसाठी माणूस हवा असतो.

आता त्या मुलीचा अर्ज असा होईल :

दिनांक : …

प्रति,
डॉ. (पाटीवर आहे तसे पूर्ण नाव),
(दवाखान्याचे नाव), नवीन जालना

विषय : केस पेपर व नंबर लावण्याच्या कामासाठी अर्ज

आदरणीय डॉक्टरसाहेब,
सादर नमस्कार.

आपल्या दवाखान्यात पेशंटची नोंद ठेवण्यासाठी माणूस हवा आहे, असे समोरच्या मेडिकलमध्ये समजले. त्या कामासाठी हा अर्ज करीत आहे.

मी बारावी उत्तीर्ण आहे आणि एमएस-सीआयटी केले आहे. बदनापूरच्या एका दवाखान्यात दीड वर्ष केस पेपर काढणे, फी घेणे आणि फोन घेणे ही कामे केली. रोजचा रोख हिशेब रात्री मीच डॉक्टरांकडे देत होते. मराठी आणि हिंदी दोन्ही बोलते. नर्सिंगचे शिक्षण घेतलेले नाही.

मी बदनापूरला राहते. सकाळची ओपीडी पूर्ण वेळ करू शकेन, संध्याकाळी आठपर्यंत थांबता येईल. येत्या 1 तारखेपासून कामावर येऊ शकते.

आपण सांगाल त्या वेळी भेटायला येईन.

आपली नम्र,
(सही)
पूर्ण नाव, पत्ता
मोबाइल : (स्वतःचा)
दुसरा नंबर : (वडिलांचा)

संपला अर्ज. दोन पेशंटच्या मधे उभ्या उभ्या वाचून होतो. यात ‘कृपया’ एकदाही नाही, तरी कुठे उद्धटपणा वाटत नाही. आदर ‘आदरणीय डॉक्टरसाहेब’, ‘सादर नमस्कार’ आणि ‘आपली नम्र’ या तीन जागी आला, आणि शेवटी भेटीची वेळ त्यांच्यावर सोडली. एवढा पुरतो. प्रत्येक ओळीत ‘माननीय’ आणि ‘नम्र विनंती’ घातले की वाचणाऱ्याला उगाच अवघडल्यासारखे होते.

हिंदी येते, हे लिहिणे जालन्यात कामाचे आहे. नवीन जालन्याच्या दवाखान्यात खेड्यातली मराठी बोलणारी आजी आणि शहरातली उर्दू बोलणारी आई एकाच बाकावर बसलेल्या असतात. दोघींनाही ‘तुमचा नंबर पुढचा आहे’ हे त्यांच्या बोलीत सांगता आले की निम्मी गर्दी शांत बसते. डॉक्टरांच्या चार प्रश्नांतल्या दुसऱ्याचे उत्तर त्या छोट्या वाक्यात आहे.

‘समोरच्या मेडिकलमध्ये समजले’ हे वाक्यही सोडू नका. जागा आहे हे कुठून कळले ते सांगितले की मालकाला एक धागा मिळतो. तो मेडिकलवाल्याला सहज विचारू शकतो. एखाद्या ओळखीच्या माणसाचे नाव लिहायचे असेल, उदाहरणार्थ तुमचे शिक्षक किंवा त्या दुकानाचे जुने गिऱ्हाईक, तर त्यांना आधी विचारा आणि काय सांगायचे तेही बोलून ठेवा. न विचारता नाव घातले आणि त्यांनी फोनवर ‘कोण ही?’ म्हटले, तर अर्ज तिथेच संपतो. पुढाऱ्याची शिफारस मात्र टाळा. सरकारी कचेरीत तिचे काय होते तो वेगळा विषय, पण घरच्या पेढीवर तिचा दाब वाटतो. ज्याला उद्या दोन शब्द बोलता येणार नाहीत असा माणूस कुणाला नको असतो.

अर्ज हाताने लिहावा की टाइप करावा? दवाखान्यासाठी, मोंढ्यातल्या पेढीसाठी, जिथे वहीत लिहिण्याचे काम आहे तिथे, अक्षर वाचता येण्यासारखे असेल तर हातानेच लिहा. केस पेपरवर नाव, वय, गाव तुम्हीच लिहिणार आहात. तुमचे अक्षर कसे आहे हे डॉक्टरांना त्या अर्जातच दिसते. एका बाजूला कोरा असलेला साधा पांढरा कागद, निळे किंवा काळे पेन, डावीकडे समास, आणि खाडाखोड झाली तर नवा कागद. अक्षर अगदीच लागत नसेल तर टाइप करून घ्या, पण मजकूर घरून लिहून न्या आणि ‘यात एकही शब्द वाढवू नका’ असे सांगा. छापून हातात आल्यावर डॉक्टरांचे नाव अक्षर-अक्षर तपासा. मराठी टायपिंगमध्ये ऱ्हस्व-दीर्घ आणि जोडाक्षरे बदलतात, आणि स्वतःचे चुकलेले नाव माणसाच्या नजरेत सगळ्यांत आधी येते.

दुकानाच्या किंवा घरच्या पेढीच्या अर्जात दोन गोष्टी बदलतात. पहिली, अर्ज कोणाच्या नावे करायचा. पाटीवर ‘अँड सन्स’ असते, गादीवर वडील बसतात, पण माणसे ठेवण्याचे काम मुलगा किंवा सून पाहते. अशा वेळी अर्ज थोरल्यांच्या नावे लिहावा आणि द्यावा मात्र ज्यांच्या हाती कारभार आहे त्यांच्याकडे. थोरल्यांचे नाव पाहून धाकट्याला वाईट वाटत नाही, उलट झाले तर थोरल्यांना वाटू शकते. नाव कळलेच नाही तर ‘मा. मालक’ चालते, पण बाजूच्या दुकानात विचारले तर नाव नक्की कळते, आणि ते विचारण्याची तसदी घेतली हे अर्जातून दिसते. मारवाडी, गुजराती, सिंधी पेढ्यांवर ‘शेठजी’ असे संबोधन रुळलेले आहे, मराठी अर्जातही ते शोभते.

दुसरी गोष्ट हंगामाची. जालना हे बियाण्यांचे गाव आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 मध्ये इथे महिको सुरू केली, आणि त्यानंतर बियाण्यांचा धंदा या शहरात रुजला. कृषी सेवा केंद्राला माणसाची गरज खरिपाच्या आधी पडते. पण पाऊस पडून पेरणीची गर्दी सुरू झाली की दुकानदाराला तुमचा कागद उघडायलाही सवड नसते. म्हणून असा अर्ज एप्रिल संपता संपता किंवा मेच्या पहिल्या पंधरवड्यात पोचला पाहिजे. तेव्हा माल यायला लागतो आणि दुकानदार माणसांचा विचार करीत असतो. कापड आणि सराफीचेही तसेच : लग्नसराई आणि दिवाळी यांच्या महिना-दीड महिना आधी. कृषी सेवा केंद्राला द्यायचा मजकूर वरच्या अर्जाहूनही लहान असू शकतो :

‘शेठजी, सादर नमस्कार. आपल्या कृषी सेवा केंद्रात खरिपासाठी काउंटरवर माणूस घेणार असल्याचे समजले. मी बी. ए. झालो असून घरची चार एकर शेती करतो. कापूस, सोयाबीन, तूर यांची वाणे आणि पेरणीचे प्रमाण शेतकऱ्याला समजावून सांगता येते. गेल्या हंगामात एका दुकानात बिलिंग केले आहे, संगणकावर बिल करता येते. जून ते ऑगस्ट रोज सकाळी नऊपासून दुकान बंद होईपर्यंत थांबू शकेन. मे महिन्यात माल उतरवण्याच्या कामालाही येईन.’

शेवटचे वाक्य विशेष महत्त्वाचे. काउंटरवर बसायला दहा जण तयार असतात, पोती मोजून गोदामात लावायला कमी. अर्थात, खरेच यायचे असेल तरच ते लिहा.

अर्ज द्यायला कधी जायचे? दवाखान्यात सकाळची ओपीडी संपत आली असेल तेव्हा, सोमवारी आणि आठवडी बाजाराच्या दिवशी नको. दुकानात दुकान उघडताना नको, कारण पूजा-बोहनी व्हायची असते. अकराच्या सुमारास किंवा दुपारी जेवणानंतर जावे. कंपाउंडरकडे किंवा काउंटरवरच्या माणसाकडे कागद ठेवून येऊ नका. तुम्ही त्याची जागा घ्यायला आलात असे त्याला वाटण्याचा संभव असतो आणि कागद हरवतो. ‘दोन मिनिटे साहेबांना भेटायचे आहे, थांबते’ म्हणावे आणि थांबावे. भेट झाली की नाव, गाव, कोणत्या कामासाठी आलो एवढे सांगून अर्ज द्यावा आणि ‘केव्हा विचारायला येऊ?’ असे विचारून निघावे. त्यांनी दिवस सांगितला तर त्याच दिवशी जा. नाही सांगितला तर आठवड्याने एकदा फोन करा. त्यानंतर आणखी एकदा. तिसऱ्यांदा नको.

व्हॉट्सॲपवर अर्जाचा फोटो पाठवायचा असेल तर त्यांनी मागितल्यावरच पाठवा, दिवसाउजेडी सरळ काढलेला, सावली न पडलेला. वर एक ओळ लिहा : ‘सर, मी काल दुपारी अर्ज दिला होता, बदनापूरहून. आपण सांगितल्याप्रमाणे फोटो पाठवते आहे.’ खाली नाव. रात्री नऊनंतर पाठवू नये, आणि प्रोफाइलवर स्वतःचे नाव असावे. ‘क्यूट गर्ल’ किंवा ‘भाईगिरी’ अशा नावाने आलेला निरोप शेठजी उघडतीलच असे नाही.

मोबाइल नंबराबद्दल एक सूचना. पुष्कळ घरांत मुलीच्या अर्जावर भावाचा नंबर दिला जातो. तो कामावर असतो, अनोळखी फोन उचलत नाही किंवा ‘कोण बोलतंय?’ म्हणून उलट चौकशी करतो. तुमचा स्वतःचा फोन असेल तर तोच द्या. घरचाच नंबर द्यायचा असेल तर घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा, की जालन्याहून दवाखान्याचा फोन येईल आणि तो नीट घ्यायचा.

पगाराचे अर्जात लिहू नये. ‘आपण द्याल तो मान्य’ हे तर मुळीच नको, तो शब्द पुढे वर्षभर अंगाशी येतो. बोलावणे आले, काम समजले की मग शांतपणे विचारा : पगार किती, कोणत्या तारखेला, आठवड्याची सुटी कोणती, आणि पहिला महिना पाहण्याचा असेल तर त्याचे पैसे किती. हे विचारल्याने कुणी भला मालक रागावत नाही. रागावला तर पहिल्याच दिवशी कळले ते बरे.

आणि कागदपत्रे. पहिल्या अर्जाबरोबर काहीही जोडायची गरज नाही. ना आधारची झेरॉक्स, ना फोटो, ना गुणपत्रिकांचा गठ्ठा. बोलावल्यावर मूळ कागद दाखवायला न्या आणि झेरॉक्स द्या. ‘मूळ मार्कशीट आमच्याकडे राहू द्या, म्हणजे तुम्ही मधे सोडणार नाही’ असे कुणी म्हणाले, तर नम्रपणे नाही म्हणा आणि ती घेऊनच घरी परत या. मूळ कागद ठेवून घेण्याचा अधिकार कोणत्याही मालकाला नाही, आणि ती मार्कशीट पुढच्या प्रत्येक ठिकाणी तुम्हाला लागणार आहे.